पदबंध की उपवाक्य? मराठी वाक्याच्या पोटातले वाक्य कसे ओळखावे

ही दोन वाक्ये शेजारी ठेवून वाचा.

तो आल्यावर आम्ही जेवू.
तो आला की आम्ही जेवू.

अर्थ जवळजवळ सारखाच. तरी व्याकरणाच्या परीक्षेत पहिल्याला केवलवाक्य म्हणायचे आणि दुसऱ्याला मिश्रवाक्य. पहिल्यातला 'तो आल्यावर' हा पदबंध आहे, म्हणजे एकत्र मिळून वाक्यात एकच काम करणारा शब्दांचा गट. दुसऱ्यातले 'तो आला' हे उपवाक्य आहे, म्हणजे मोठ्या वाक्याचा भाग झालेले वाक्य. शाळेच्या पुस्तकांत त्यालाच गौणवाक्य म्हणतात, आणि ज्याच्या आधाराने ते उभे असते ते मुख्यवाक्य. हा फरक नेमका कशावर ठरतो ते एकदा हाताखालून गेले की वाक्यपृथक्करण जमू लागते. स्वतः लिहिताना एखादे वाक्य का अडकले आहे तेही दिसते.

पहिली पायरी : लांबी आणि कर्ता विसरा

नव्याने शिकणारा बहुधा दोन गोष्टींवर विसंबतो. एक, गट लांब असेल तर ते उपवाक्य असणार. दोन, गटात कर्ता आणि क्रिया दोन्ही असतील तर ते उपवाक्य असणार. मराठीत दोन्ही खुणा फसवतात.

'गेल्या आठवड्यात रत्नागिरीहून आलेल्या पाहुण्यांनी मुलांसाठी मुद्दाम आणलेली हापूस आंब्यांची पेटी' हा केवढा मोठा गट आहे. यात येण्याची क्रिया आहे, आणण्याची आहे, कोणी आणली तेही आहे. तरी सगळा मिळून तो एकच पदबंध आहे. 'पेटी' हे नाम आणि त्याला चिकटलेली विशेषणे, एवढेच. त्याच्या जागी नुसते 'ती' ठेवून 'ती संपली' म्हटले तरी वाक्य पुरे होते. उलट 'उजाडले की निघू' यातले 'उजाडले' हा एकच शब्द आहे, त्याला कर्ताही नाही, तरी ते पूर्ण उपवाक्य आहे.

कर्त्याचेही तसेच. 'तो आल्यावर' यात 'तो' हा प्रथमेतला स्वच्छ कर्ता आहे, मुख्य वाक्यातल्या 'आम्ही' पेक्षा वेगळा. तरीही हा गट शालेय व्याकरणात उपवाक्य ठरत नाही. इंग्रजीच्या तासाला शिकलेली 'कर्ता अधिक क्रियापद' ही व्याख्या तशीच इकडे लावली की बरेच गोंधळ इथेच सुरू होतात. मराठीत निर्णय एकाच गोष्टीवर होतो: त्या गटात आख्यात आहे का? आख्यात म्हणजे काळ किंवा आज्ञा-विधी असा अर्थ दाखवणारे आणि वाक्य पुरे करू शकणारे क्रियापदाचे रूप. आला, येतो, येईल, ये, यावे ही आख्याते. येऊन, येताना, आल्यावर, आलेला, येणारा, येण्यासाठी, यायला ही धातूपासून बनलेली रूपे आहेत, पण ती वाक्य पुरे करत नाहीत. त्यांना धातुसाधिते किंवा कृदन्ते म्हणतात. आख्यात असेल तर उपवाक्य, नुसते धातुसाधित असेल तर पदबंध.

(आधुनिक भाषाविज्ञानात 'तो आल्यावर' सारख्या गटालाही एका प्रकारचे, अपुऱ्या क्रियापदाचे उपवाक्य मानतात, आणि त्याला स्वतःचा कर्ता असू शकतो हेच त्याचे मोठे कारण. दोन्ही मांडण्यांना आपापला आधार आहे. या लेखात सुरुवातीपासून शेवटपर्यंत शालेय मांडणी धरली आहे, कारण केवल आणि मिश्र वाक्यांची विभागणी तिच्यावरच उभी आहे.)

दुसरी पायरी : आख्यात ओळखण्याच्या दोन चाचण्या

यादी पाठ करण्यापेक्षा संशय आलेल्या रूपाला दोन चाचण्या लावून पाहा.

पहिली चाचणी नकाराची. आख्याताचा नकार 'नाही', 'नको', 'नये' यांनी होतो. आला, आला नाही. ये, येऊ नको. यावे, येऊ नये. धातुसाधिताचा नकार मात्र आधी 'न' लावून होतो. न आल्यामुळे, न आलेला, न येता. 'निकाल लागला नाही' चालते, म्हणून 'लागला' आख्यात. 'निकाल लागल्याने' चा नकार 'निकाल न लागल्याने' असाच करावा लागतो, म्हणून ते धातुसाधित. एक सवलत लक्षात ठेवायची. अटीच्या वाक्यात आख्यातालाही कधी 'न' लागतो, जसे 'तो न आला तर'. पण तिथे 'तो आला नाही तर' हेही चालतेच. म्हणून प्रश्न असा विचारायचा: 'नाही', 'नको' किंवा 'नये' ने याचा नकार करता येतो का? येत असेल तर आख्यात.

दुसरी चाचणी 'तू' ची. कर्त्याच्या जागी 'तू' ठेवा आणि रूपाला शेवटी 'स' येतो का ते पाहा. तो आला की, तू आलास की. त्याने फोन केला होता, तू फोन केला होतास. तिने पुस्तक वाचले, तू पुस्तक वाचलेस. 'तो आल्यावर' मध्ये मात्र 'तू आल्यावर' च राहते, रूप हलत नाही. या चाचणीची गंमत अशी की 'दादाने फोन केला' सारख्या वाक्यातही ती चालते, जिथे क्रियापद कर्त्याच्या नव्हे तर कर्माच्या लिंगवचनाने चालते. तिची मर्यादाही आहे. 'निकाल लागला' मध्ये कर्त्याच्या जागी 'तू' बसत नाही आणि 'मला भूक लागली' चे 'तुला भूक लागली' केले तरी 'स' येत नाही. अशा ठिकाणी नकाराची चाचणी वापरायची.

'आलेला', 'गेलेली' या रूपांशी जरा थांबावे लागते, कारण ती दोन्हीकडे दिसतात. 'काल आलेला मुलगा' मध्ये 'आलेला' हे विशेषण आहे. त्याचे लिंग बदलते, आलेली मुलगी, आलेली मुले; पण 'स' कधी लागत नाही. 'तो काल आलेला आहे' मध्ये मात्र 'आलेला आहे' हे मिळून आख्यात होते. आणि बोलताना आपण 'आहे', 'होता' गाळून 'मी काल गेलेलो', 'तू पण आलेलास ना?' असे सर्रास म्हणतो. इथे 'लो' आणि 'स' हे प्रत्यय स्पष्ट सांगतात की हे रूप आता आख्याताचे काम करते आहे. तेव्हा रूप पाहून निकाल देऊ नका, त्या वाक्यातली त्याची वागणूक पाहा.

एकाहून अधिक शब्दांचे क्रियापद एकच मोजायचे. 'वाचत होता', 'येऊ शकतो', 'रडू लागली', 'देऊन टाक' यांत प्रत्येकी एकच आख्यात आहे.

तिसरी पायरी : उपवाक्य कोणाची जागा घेते ते पाहा

आख्यात सापडले, उपवाक्य ठरले. आता ते दुसऱ्या वाक्यात कुठे बसले आहे? त्यासाठी त्या उपवाक्याच्या जागी एकच शब्द ठेवून पाहायचे. नामासारखा शब्द बसला तर नामवाक्य, विशेषण बसले तर विशेषणवाक्य, 'तेव्हा', 'तिथे', 'तसे' असा शब्द बसला तर क्रियाविशेषणवाक्य. नावे एवढीच. खरी मेख त्यांना मुख्य वाक्याशी जोडणाऱ्या शब्दांत आहे, म्हणून एकेकाकडे नीट पाहू.

नामवाक्य मराठीत दोन जागी बसते. 'आईने सांगितले की बाबा उशिरा येतील' मध्ये ते मुख्य वाक्य संपल्यावर येते आणि 'की' त्याला जोडतो. 'बाबा उशिरा येतील असे आईने सांगितले' मध्ये ते मुख्य क्रियापदाच्या आधी येते आणि 'असे' त्याला धरून ठेवते. म्हणजे 'की' लागला तर उपवाक्य 'की' च्या पुढे, 'असे' लागले तर उपवाक्य त्याच्या मागे. 'आईने असे सांगितले की बाबा उशिरा येतील' हेही ठीक आहे. तिथे 'असे' ने जागा राखून ठेवली आणि मजकूर मागून आला. पण 'आईने सांगितले की बाबा उशिरा येतील असे' अशी दोन्ही टोके बांधलेली रचना बोलण्यात खपते, लिहिताना एक टोक सोडावे.

'असे' च्या जागी 'हे' ही येते, पण दोघांचा सूर वेगळा. 'तो पास झाला असे कळले' म्हणजे तशी बातमी आली, खरीखोटी देव जाणे. 'तो पास झाला हे कळले' म्हणजे तो पास झाला ही गोष्ट लिहिणाऱ्याला मान्य आहे. म्हणूनच 'पृथ्वी सपाट आहे असे त्यांना वाटे' हे बरोबर, आणि 'पृथ्वी सपाट आहे हे त्यांना वाटे' वाचताना खटकते. प्रश्नार्थक उपवाक्याला मात्र बहुतेकदा 'हे' किंवा 'ते' च लागते: 'तो कुठे गेला ते कोणालाच माहीत नाही.'

'हे' चे आणखी एक मोठे काम आहे. उपवाक्याला विभक्तिप्रत्यय लावता येत नाहीत. 'तो येईल' ला 'ची' कशी लावणार? मग 'हे' पुढे उभे राहते आणि प्रत्यय आपल्या अंगावर घेते. तो येईल याची खात्री. तू आलास याचा आनंद. रस्ता खचला यामुळे. 'याची', 'याचा', 'यामुळे' दिसले की मागे वळून पाहा. तिथे बहुधा एक उपवाक्य संपलेले असते.

विशेषणवाक्यात 'जो' आणि 'तो' ची जोडी असते. 'ज्याने पत्र लिहिले, त्याला मी ओळखतो.' यात नवख्यांची हमखास चूक होते ती विभक्तीची. 'जो' आणि 'तो' एकाच माणसाबद्दल आहेत, म्हणून त्यांचे लिंग आणि वचन जुळायला हवे. विभक्ती मात्र प्रत्येकाने आपापल्या वाक्यातून घ्यायची. पत्र लिहिणारा तो कर्ता, म्हणून 'ज्याने'. ओळखण्याचे कर्म तोच, म्हणून 'त्याला'. 'ज्याला पत्र लिहिले, त्याला मी ओळखतो' असे केले की माणूसच बदलतो, लिहिणाऱ्याच्या जागी पत्र मिळालेला येतो. शंका आली तर दोन वाक्ये सुटी करून म्हणा: त्याने पत्र लिहिले. त्याला मी ओळखतो. पहिल्यातल्या 'त्याने' चे 'ज्याने' करा आणि दुसरे वाक्य तसेच ठेवा.

जोडीतला 'जो' कडचा शब्द अनेकदा गळतो. 'तू सांगशील तिथे येतो' मध्ये 'जिथे' नाही, 'तो आला तेव्हा मी झोपलो होतो' मध्ये 'जेव्हा' नाही. 'ज' ने सुरू होणारा शब्द नाही म्हणून उपवाक्य नाही, असे समजू नका. आख्याते मोजा.

क्रियाविशेषणवाक्यांत 'म्हणून' बराच त्रास देते. 'चांगले गुण मिळावेत म्हणून तो जागतो' मध्ये हेतू आहे. हे सरळ मिश्रवाक्य. 'तो शिक्षक म्हणून काम करतो' मध्ये 'शिक्षक' पाशी आख्यातच नाही, म्हणून तो नुसता पदबंध. 'पाऊस पडला म्हणून मी थांबलो' येथे शालेय परंपरा 'म्हणून' ला परिणामबोधक मानते आणि वाक्य संयुक्त धरते, म्हणजे दोन्ही वाक्ये बरोबरीची. परीक्षेत हेच उत्तर अपेक्षित असते. पण रचना म्हणून पाहिले तर 'मी पाऊस पडला म्हणून थांबलो' असे म्हणता येते. पहिले वाक्य उचलून दुसऱ्याच्या कर्त्यामागे ठेवता येते, आणि बरोबरीच्या वाक्यांना हे जमत नाही. 'पाऊस पडला पण मी थांबलो' चे 'मी पाऊस पडला पण थांबलो' करून पाहा. वाक्य लगेच मोडते. एखादे वाक्य दुसऱ्याच्या पोटात खरोखर शिरते का हे पाहायला ही चाचणी फार उपयोगी आहे.

चौथी पायरी : एक वाक्य पूर्ण सोडवू

आता हे वाक्य घ्या.

ज्या काकूंनी काल फोन केला होता त्यांच्या मुलाचा निकाल लागला की नाही हे विचारायला मी विसरलो, असे दादा म्हणाला तेव्हा आई रागावली.

आधी क्रियेची सगळी रूपे अधोरेखित करा: केला होता, लागला, विचारायला, विसरलो, म्हणाला, रागावली. चाचण्या लावल्या की 'विचारायला' गळते, त्याचा नकार 'न विचारायला' असाच काहीतरी करावा लागेल. उरली पाच आख्याते. 'की नाही' मध्ये 'लागला' पुन्हा न म्हणता सोडून दिले आहे. 'लागला की नाही' ही जोडी इथे एकच धरू. हा 'की' 'किंवा' या अर्थाचा आहे, नामवाक्य जोडणारा नव्हे.

पाच आख्याते म्हणजे पाच वाक्ये. पाच वाक्ये एकमेकांत बसवायला चार जोड लागतात. ते मोजून पाहा: ज्या–त्यांच्या, हे, असे, तेव्हा. हिशेब जुळला. तो जुळला नाही तर एखादे आख्यात निसटले आहे किंवा एखादा जोडशब्द गाळलेला आहे असे समजून पुन्हा शोधायचे.

आता घडी घालायला सुरुवात करायची, सर्वांत आतून. आतले उपवाक्य एका शब्दाने किंवा छोट्या पदबंधाने बदलत जायचे, आणि प्रत्येक वेळी उरलेले वाक्य धड राहते का ते पाहायचे.

सर्वांत आत 'ज्या काकूंनी काल फोन केला होता' हे विशेषणवाक्य आहे. ते आणि 'त्यांच्या' मिळून 'शेजारच्या काकूंच्या' ठेवा:
शेजारच्या काकूंच्या मुलाचा निकाल लागला की नाही हे विचारायला मी विसरलो, असे दादा म्हणाला तेव्हा आई रागावली.

आता 'निकाल लागला की नाही हे' या नामवाक्याच्या जागी 'ते':
ते विचारायला मी विसरलो, असे दादा म्हणाला तेव्हा आई रागावली.

मग दादाचे बोलणे आणि 'असे' काढून 'तसे':
तसे दादा म्हणाला तेव्हा आई रागावली.

शेवटी:
तेव्हा आई रागावली.

प्रत्येक टप्प्यावर वाक्य धड राहिले, म्हणजे घड्या बरोबर ठिकाणी पडल्या. कंस घालून तेच असे दिसते:

[१ [२ [३ [४ ज्या काकूंनी काल फोन केला होता ४] त्यांच्या मुलाचा निकाल लागला की नाही ३] हे विचारायला मी विसरलो २], असे दादा म्हणाला १] तेव्हा आई रागावली.

दुसऱ्या आणि तिसऱ्या कंसांच्या मधली जागा जरा बारकाईने पाहा. 'निकाल लागला की नाही' हे नामवाक्य कोणाचे कर्म आहे? 'विसरलो' चे नव्हे, 'विचारायला' चे. आणि 'विचारायला' हे तर धातुसाधित, म्हणजे 'निकाल लागला की नाही हे विचारायला' हा सगळा पदबंध झाला. त्या पदबंधाच्या आत एक पूर्ण उपवाक्य आहे, आणि पदबंध स्वतः 'मी विसरलो' या वाक्यात बसला आहे. शब्दांनी पदबंध बनतात, पदबंधांनी उपवाक्ये आणि उपवाक्यांनी वाक्य, अशी चढती उतरंड पुष्कळांच्या डोक्यात असते. ती इथे टिकत नाही. उपवाक्यात पदबंध असतो तसे पदबंधातही उपवाक्य असू शकते, आणि हा क्रम पुन्हा पुन्हा चालू शकतो.

याच वाक्यात 'मी' कोण? दादा. 'असे' ने जोडलेल्या उपवाक्यात बोलणाऱ्याचे शब्द बहुधा जसेच्या तसे राहतात, त्यामुळे 'मी विसरलो असे दादा म्हणाला' वाचणारा 'मी' चा अर्थ दादा असाच घेतो. पण 'दादा म्हणाला की मी विसरलो' हे दोन तऱ्हांनी वाचता येते: दादा विसरला, किंवा हे सांगणारा विसरला. पत्रात, तक्रारअर्जात, जबाबात हा फरक महागात पडतो. तिथे 'आपण विसरलो असे दादा म्हणाला' असे लिहावे, म्हणजे विसरणारा दादाच हे पक्के होते. विसरणारे तुम्ही असाल तर 'मी विसरल्याचे दादाने सांगितले' हे बरे, कारण त्यात आख्यात जाऊन पदबंध होतो आणि 'मी' चा अर्थ लिहिणारा असाच लागतो.

पाचवी पायरी : वाक्य गुदमरते कुठे

वरच्या वाक्यात चार उपवाक्ये एकात एक आहेत, तरी ते वाचताना फार अडत नाही. कारण कंसांत आहे. चारही कंस सुरुवातीलाच उघडतात आणि मग एकेक बंद होत जातो. एक संपले की त्याला 'हे' किंवा 'असे' ने बांधून वाचणारा पुढे जातो. आता त्यातलाच थोडा मजकूर असा लिहून पाहा:

आई, दादा, मी निकालाचे विचारायला विसरलो, असे म्हणाला तेव्हा रागावली.

उपवाक्ये कमी झाली, तरी हे वाचवत नाही. आई, दादा, मी असे तीन कर्ते ओळीने उभे आहेत आणि एकाचेही क्रियापद अजून आलेले नाही. पहिल्या कर्त्याचे क्रियापद तर सर्वांत शेवटी येते. म्हणून खोलीपेक्षा जागा महत्त्वाची. उपवाक्य मुख्य वाक्याच्या आधी किंवा नंतर टेकवले तर तीन-चार थरही पेलतात. कर्ता आणि त्याचे क्रियापद यांच्या मध्ये कोंबले तर एक थर चालतो, दुसऱ्याला वाचणारा मागे जाऊन पुन्हा वाचू लागतो.

सोसायटीच्या फलकावर शोभेल अशी एक सूचना पाहू.

ज्या सभासदांनी, जी वर्गणी, जी सभा मार्चमध्ये झाली तिने ठरवली, ती भरलेली नाही, त्यांनी ती ३० तारखेपर्यंत भरावी.

आख्याते चार: झाली, ठरवली, भरलेली नाही, भरावी. 'सभासदांनी' आणि 'भरलेली नाही' यांच्या मध्ये दोन उपवाक्ये अडकली आहेत, तीही एकात एक. दुरुस्ती आतून करायची. 'जी सभा मार्चमध्ये झाली तिने' याला 'मार्चमधील सभेने' एवढे पुरते, म्हणजे एक आख्यात गेले. 'जी वर्गणी सभेने ठरवली ती' याचे 'सभेने ठरवलेली वर्गणी' होते, दुसरेही गेले. उरलेले विशेषणवाक्य सुरुवातीला आणायचे:

मार्चमधील सभेने ठरवलेली वर्गणी ज्या सभासदांनी भरलेली नाही, त्यांनी ती ३० तारखेपर्यंत भरावी.

दोन आख्याते, एक जोड. 'वर्गणी न भरलेल्या सभासदांनी' असे करून शेवटचे उपवाक्यही घालवता आले असते. पण मग 'मार्चमधील सभेने ठरवलेली वर्गणी न भरलेल्या सभासदांनी ती ३० तारखेपर्यंत भरावी' असे वाक्य होते. त्यात 'ठरवलेली' आणि 'न भरलेल्या' पाठोपाठ येतात, आणि कुठला गट कुठे संपला याची खूण उरत नाही. सरकारी मराठी जड होते ती बहुतेकदा यानेच: आख्याते काढून टाकून सगळे धातुसाधितांच्या माळेत ओवलेले असते. 'जो' आणि 'तो' हे शब्द वाढतात खरे, पण कोणाचे काय ते तेच सांगतात. आतला थर पदबंधात बदलावा, बाहेरचा उपवाक्यच राहू द्यावा, हे साधारण धोरण ठेवले तर वाक्य सुटसुटीत होते.

आख्यातच दिसत नाही तेव्हा

मराठीत 'आहे', 'असतो' सर्रास गाळतात, म्हणींत तर जास्तच. 'ज्याच्या हाती ससा तो पारधी' यात एकही क्रियापद नाही. पण तेवढ्यावरून हा पदबंध ठरत नाही. 'ज्याच्या हाती ससा असतो, तो पारधी ठरतो' अशी गाळलेली आख्याते परत ठेवली की विशेषणवाक्य आणि मुख्यवाक्य दोन्ही दिसतात. 'ज' आणि 'त' ची जोडी हीच इथली खूण. उलट 'हातातला ससा' मध्ये 'आहे' परत ठेवायला जागाच नाही, तो पदबंधच.

सरावाला पाच वाक्ये घ्या. आख्याते मोजा, मग खालची उत्तरे पाहा.

१. जेवण झाल्यावर भांडी घासून ठेवणाऱ्या मुलाला आजी लाडू द्यायची.
२. जशी देणावळ तशी धुणावळ.
३. दुकान बंद होते, पण मालक आत बसला होता.
४. तो परत येणार नाही याची तिला खात्री होती.
५. गाडी चुकली हे कळताच तो मटकन खाली बसला.

पहिल्यात क्रियेची रूपे चार वाटतात, पण आख्यात एकच, 'द्यायची' (द्यायची नाही, तू द्यायचीस). म्हणून केवलवाक्य. दुसऱ्यात एकही आख्यात दिसत नाही, पण 'जशी' आणि 'तशी' ही जोडी आहे आणि दोन्हीकडे 'असते' गाळले आहे. मिश्रवाक्य. तिसऱ्यात दोन आख्याते आहेत, तरी 'मालक दुकान बंद होते पण आत बसला होता' म्हणता येत नाही. कोणी कोणाच्या पोटात नाही, म्हणून संयुक्त. चौथ्यात 'येणार नाही' हे आख्यात आहे, एरवी 'येणारा' हे धातुसाधित असले तरी. 'तू येणार नाहीस' म्हणून पाहा. ते नामवाक्य 'याची' ने 'खात्री' ला जोडले आहे. पाचव्यात आख्याते दोन, 'चुकली' आणि 'बसला'. 'कळताच' धातुसाधित. 'गाडी चुकली' हे उपवाक्य 'हे कळताच' या पदबंधाच्या आत आहे, आणि तो पदबंध 'तो बसला' या मुख्य वाक्यात क्रियाविशेषणाचे काम करतो. त्याच्या जागी 'तेव्हा' ठेवून पाहा: तेव्हा तो मटकन खाली बसला.